टाळेबंदीत घेतलेल्या नोंदणीची मुदत आता संपते आहे: टी. नगरमधल्या घरगुती खाद्य व्यावसायिकांसाठी

तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा कपाटातल्या फाइलमध्ये एफएसएसएआयचे प्रमाणपत्र असेल, तर पुढे वाचण्याआधी ते काढून समोर ठेवा. त्यावर 14 अंकी क्रमांक आहे आणि मुदत कधी संपते ती तारीख आहे. 2020 च्या टाळेबंदीत ज्यांनी घरून डबे, पुरणपोळ्या किंवा फराळ विकायला सुरुवात केली आणि तेव्हा एकदम पाच वर्षांची नोंदणी घेतली, त्यांची मुदत 2025 मध्ये संपते. 2025 ची दिवाळी 20 ऑक्टोबरची. म्हणजे ज्या आठवड्यांत तुमच्याकडे सर्वाधिक ऑर्डर असतील, नेमक्या त्याच आठवड्यांत अनेकांचे कागद संपत आलेले असतील. हा मजकूर सप्टेंबर 2025 मधल्या नियमांवर लिहिलेला आहे.

टी. नगर आणि पश्चिम माम्बलम भागातली मराठी घरे दोन प्रकारची. काही तंजावरच्या जुन्या घराण्यांतली, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूतच वाढलेली. काही नोकरी-बदलीमुळे पुण्या-मुंबईहून आलेली. अन्न सुरक्षेचा कायदा दोघांनाही सारखाच आहे, कारण 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि त्याखालचे 2011 चे परवाना व नोंदणी नियम केंद्राचे आहेत. अंमलबजावणी मात्र राज्याची. इथे ती तमिळनाडूच्या अन्न सुरक्षा विभागाकडे आहे, चेन्नई महानगरपालिकेकडे नाही. पालिकेचा व्यापार परवाना ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो असला तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच.

क्रमांकात काय लिहिलेले असते

क्रमांकाचा पहिला अंक पाहा. 2 असेल तर तुमच्याकडे नोंदणी आहे, 1 असेल तर परवाना आहे. मराठीत लोक दोन्हींना सरसकट ‘लायसन’ म्हणतात. सरकारी भाषांतरांतही कधी दोन्हींना ‘परवाना’ म्हटलेले दिसते आणि तिथूनच निम्मा गोंधळ सुरू होतो. इथल्या कार्यालयात तमिळमध्ये नोंदणीला ‘पदिवु’ आणि परवान्याला ‘उरिमम्’ म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, म्हणजे खिडकीवर बोलताना आपण काय मागतो आहोत ते स्पष्ट राहील.

पुढचे दोन अंक राज्याचे. तमिळनाडूचा 24, महाराष्ट्राचा 15. त्यानंतरचे दोन अंक क्रमांक कोणत्या वर्षी मिळाला ते सांगतात. चेन्नईत 2020 मध्ये घेतलेल्या नोंदणीचा क्रमांक 22420 ने सुरू होतो. तुमचा 215 ने सुरू होत असेल, तर ती नोंदणी महाराष्ट्रातल्या जागेची आहे आणि टी. नगरमधल्या स्वयंपाकघराला ती लागू होत नाही. नोंदणी व्यक्तीच्या नावावर असते हे खरे, पण ती एका ठरावीक जागेसाठी असते. पुण्याहून इथे आलेल्या कुणी जुनाच क्रमांक पाकिटांवर छापत असेल, तर त्याची मुदत शिल्लक असूनही चेन्नईतला व्यवसाय बिननोंदणीचाच ठरतो. याला उपाय साधा आहे, इथल्या पत्त्यावर नवा अर्ज करायचा. आधारवर अजून महाराष्ट्राचा पत्ता असेल, तर टी. नगरच्या जागेसाठी भाडेकरार किंवा वीजबिलासारखा वेगळा पुरावा हाताशी ठेवा.

क्रमांक खरा आहे की नाही हे स्वतः तपासता येते. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर `FBO Search` मध्ये 14 अंक टाकले की नाव, पत्ता आणि सद्यस्थिती दिसते. नाव तुमचे आणि पत्ता भलताच दिसला, किंवा काहीच दिसले नाही, तर ज्याने काम करून दिले त्याच्याकडे चकरा मारण्यापेक्षा नवा अर्ज करणे लवकर होते.

नोंदणी पुरते का? एक हिशेब करून पाहू

वर्षाची उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असेल तर नोंदणी पुरते. त्यावर राज्याचा परवाना लागतो. ‘आमचा धंदा छोटा आहे’ असे म्हणणारी बरीच घरे या रेषेच्या किती जवळ आहेत हे त्यांना माहीत नसते, कारण ती नफ्याचा हिशेब करतात. रेषा उलाढालीची आहे, म्हणजे हातात आलेल्या एकूण विक्रीची. तेल, डाळ, गॅस, मदतनीस बाईंचा पगार यांतले काहीही वजा करायचे नाही.

समजा एक ताई माम्बलम स्टेशनजवळच्या भाड्याच्या घरातून रोज 40 डबे देतात. एक डबा 90 रुपयांना. दिवसाला 3,600 रुपये झाले. महिन्याचे 26 दिवस धरले तर 93,600 रुपये, आणि वर्षाचे 11,23,200 रुपये. रेषेपर्यंत 76,800 रुपयांची जागा उरते. आता दिवाळी येते. चकली, शेव, करंजी, लाडू मिळून 200 किलो फराळ, सरासरी 500 रुपये किलोने, म्हणजे 1,00,000 रुपये. एकूण 12,23,200. डब्यांवर वर्षभर रेषेच्या आत असलेल्या ताई फराळाच्या तीन आठवड्यांत रेषेबाहेर गेल्या.

बनवून विकायच्या वस्तूंना दुसरीही एक मर्यादा आहे. दूध आणि मांस सोडून इतर पदार्थांत दिवसाची उत्पादनक्षमता 100 किलो किंवा 100 लिटरच्या आत असावी लागते. 200 किलो फराळ दहा दिवसांत झाला तर अडचण नाही. चार बायका बसवून दोन दिवसांत उरकला तर ती मर्यादाही गाठली जाते.

अशा वेळी पर्याय दोन. पुढच्या वर्षाचे डबे किंवा फराळ मोजून घ्यायचा आणि रेषेच्या आत राहायचे, किंवा परवान्याचा अर्ज करायचा. परवान्यासाठी अर्ज ब लागतो, सोबत स्वयंपाकघराचा नकाशा, उपकरणांची यादी आणि जागेच्या ताब्याचा पुरावा. खानपान सेवेसाठी वर्षाची फी 2,000 रुपये, आणि निर्णयाला 60 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. क्रमांकही बदलतो, कारण तो आता 1 ने सुरू होणार. म्हणून हा बदल दिवाळीच्या तोंडावर करायला जाऊ नका. माझ्या मते रेषेच्या 50 हजारांच्या आत आलेल्या घराने पावसाळा सरतानाच हा निर्णय घेतलेला बरा.

ज्यांना नोंदणी पुरते त्यांच्यासाठी काम हलके आहे. अर्ज अ भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचे, स्वच्छतेच्या अटी पाळू असे स्वतःच लिहून द्यायचे. मूळ फी वर्षाला 100 रुपये, आणि एक ते पाच वर्षांची मुदत एकदम घेता येते. डबे देणाऱ्यांनी व्यवसायाचा प्रकार निवडताना घरगुती खानावळ किंवा डबेवाले हा प्रकार शोधावा. सोबत पाकीटबंद फराळही विकत असाल तर फराळ बनवण्याचा प्रकारही त्याच अर्जात जोडा. डब्यांची नोंदणी दाखवून चकलीची पाकिटे विकली तर अधिकारी त्यावर बोट ठेवू शकतो.

अर्ज दिल्यावर सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा पाहणीची नोटीस द्यायची असा नियम आहे. पाहणी ठरली तर 30 दिवसांत निर्णय व्हायला हवा. या मुदतींत काहीच उत्तर आले नाही तर व्यवसाय सुरू करता येतो, असेही नियमात स्पष्ट आहे. त्यासाठी अर्जाची पावती आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवा. त्या सात दिवसांचा पुरावा तुमच्याकडे तेवढाच असतो.

पाहणीत काय बघतात

नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून किमान एकदा पाहणी करावी, असे नियम सांगतो. लहान व्यावसायिकांसाठी स्वच्छतेच्या अटी परिशिष्ट 4 च्या पहिल्या भागात आहेत. त्या वाचल्या की लक्षात येते, घरात टाइल्स आणि स्टीलचा ओटा हवा असे कुठेही म्हटलेले नाही. भिंत आणि छत गुळगुळीत, धुता येण्यासारखे आणि पोपडे न सुटलेले असावे, हवा-उजेड असावा, खिडक्यांना जाळी असावी. टी. नगरच्या जुन्या इमारतींत पावसाळ्यानंतर भिंतींना पोपडे सुटतात. कढईच्या वरचा पोपडा आधी खरवडून रंगवून घ्या, कारण तो तळणात पडतो.

तीन गोष्टी आपल्या घरांत विशेषकरून चुकतात. पहिली तांब्या-पितळेची भांडी. अट सांगते की ती नीट कल्हई केलेली असावीत. पुरण शिजवायला, आमटीला किंवा चिंचेच्या सारासाठी आजीचे पितळी पातेले वापरत असाल आणि आतली कल्हई उडालेली असेल, तर घरच्या चार माणसांसाठी आपण ते चालवून घेतो. विक्रीसाठी ते चालत नाही. आतून पिवळे धमक दिसायला लागले की कल्हई गेली असे समजा आणि स्टीलचे पातेले काढा.

दुसरी पाणी. सतत पिण्यायोग्य पाणी हवे, आणि पुरवठा खंडित असेल तर पुरेशी साठवण हवी असे नियम म्हणतो. चेन्नईत पाणी जमिनीखालच्या टाकीत साठते, उन्हाळ्यात टँकरनेही येते. तेच पाणी पिठात आणि चटणीत जाते. साठवण झाकलेली, टाकी ठरावीक दिवसांनी धुतलेली आणि स्वयंपाकाचे पाणी भांडी धुण्याच्या पाण्यापासून वेगळे असेल, तर विचारल्यावर सांगायला तुमच्याकडे काहीतरी असते. टाकी धुतल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

तिसरी माशा-झुरळे. काम चालू असताना फवारणी करायला मनाई आहे, माशी मारायची तर फटकारा वापरायचा. कीटकनाशकाची बाटली अन्नापासून वेगळ्या जागी ठेवायची. ओट्याखाली भाजीच्या टोपलीशेजारी ठेवलेला स्प्रे हा पाहणीत चटकन नजरेत भरतो.

बाकीच्या अटी आपल्याला ठाऊक असलेल्याच आहेत: नखे कापलेली, साबणाने हात धुतलेले, जखमेवर पट्टी, संसर्गजन्य आजार असलेल्याने हात न लावणे, काम संपल्यावर भांडी धुऊन कोरडी करणे. या शेवटच्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात. चेन्नईच्या दमट हवेत ओला सोऱ्या झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जाळीत बुरशी दिसते.

काही कमी आढळले म्हणून लगेच दंड होतो असे नाही. कायद्याच्या कलम 32 नुसार अधिकारी आधी सुधारणा नोटीस देतो. त्या नोटिशीत काय चुकले, काय करायचे आणि किती दिवसांत करायचे हे लिहिलेले असते, आणि हा अवधी 14 दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. नोटीस पटली नाही तर 15 दिवसांत अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते. नोटीस तमिळमध्ये आली तर अर्थ समजून घेण्यात चार दिवस घालवू नका, अपिलाचे दिवस नोटीस तुम्हाला बजावल्यापासून धावतात. नोटीस न जुमानल्यास नोंदणी निलंबित होऊ शकते. अस्वच्छ स्थितीत अन्न बनवल्याबद्दल कलम 56 मध्ये एक लाख रुपयांपर्यंतचा दंड वेगळा आहे.

काय कुठे लावायचे

प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे फोटोचे ओळखपत्र जिथे अन्न बनते किंवा विकले जाते तिथे ठळक जागी कायम लावलेले असावे लागते. ‘घरात पाहुणे येतात, बरे दिसत नाही’ म्हणून ते फाइलमध्ये ठेवलेले असते. स्वयंपाकघराच्या दाराशी, धूर आणि तेल लागणार नाही अशा जागी प्लास्टिकच्या आवरणात लावले की झाले. माणूस गाडीवर किंवा स्टॉलवर विकत असेल तर प्रत तिथेही हवी. पाँडी बाजारात दिवाळीच्या प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल घेतला, तर घरच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र त्या स्टॉलवर काही कामाचे नाही, आणि तिथली विक्री आपल्या नोंदणीत बसते का हे आयोजकांशी आधी बोलून घ्या.

छोटे खाद्यगृह असेल, चार टेबलांचे का असेना, तर अन्न सुरक्षा फलकही लावायचा असतो. खाद्यगृहांसाठी तो जांभळ्या रंगाचा आहे. त्यावर तुमचा 14 अंकी क्रमांक, स्वच्छतेचे मुख्य नियम आणि तक्रार कुठे करायची ते छापलेले असते. फलक ग्राहकाला दिसेल असा लावायचा आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर कॅलेंडरखाली तो झाकला गेला तर लावून उपयोग नाही. जून 2025 मध्ये एफएसएसएआयने यात एक भर घातली आहे: ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपचा क्यूआर कोड प्रवेशद्वार, बिल काउंटर किंवा बसण्याच्या जागी लावा असे खाद्य व्यावसायिकांना सांगितले आहे. ग्राहक तो स्कॅन करून थेट तक्रार करू शकतो. काहींना याची धास्ती वाटते. पण एरवी ग्राहक तुमच्याविषयी शंभर जणांच्या गटात लिहितो, त्यापेक्षा नोंद झालेली आणि उत्तर देता येणारी तक्रार बरी.

दुकानाच्या नावाची पाटी हा वेगळा विषय आहे, तरी एक वाक्य. तमिळनाडूच्या दुकाने व आस्थापना नियमांप्रमाणे पाटीवर तमिळ हवी आणि ती इतर भाषांपेक्षा ठळक हवी. मेनूवर कॅलरी लिहायचा नियम दहा किंवा अधिक शाखा असलेल्यांसाठी आणि केंद्रीय परवानाधारकांसाठी आहे, तुम्हाला त्याची चिंता नको.

बिलाचे मात्र सर्वांना लागू आहे. 1 जानेवारी 2022 पासून प्रत्येक पावती-बिलावर एफएसएसएआय क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे. छापील बिलबुक नसेल तर रबरी शिक्का करून घ्या.

आता पाकिटाचे लेबल, आणि इथे मराठी माणसाने जरा थांबून वाचावे. लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो. इतर भाषा जास्तीच्या म्हणून चालतात. मराठी देवनागरीत लिहिली जात असली तरी ती हिंदी नाही, त्यामुळे फक्त मराठीत छापलेले ‘भाजणीची चकली, घटक, वजन’ हे लेबल नियमात बसत नाही. सोपा मार्ग म्हणजे सक्तीचा मजकूर इंग्रजीत आणि वर पदार्थाचे नाव हवे तर मराठीत व तमिळमध्ये. मजकुरात पदार्थाचे नाव, वजनाने जास्त ते कमी अशा क्रमाने घटक, निव्वळ वजन, बनवल्याची आणि कधीपर्यंत खावे ती तारीख, बॅच क्रमांक, तुमचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह आणि 14 अंकी क्रमांक हवा. शाकाहाराचे हिरवे चिन्ह विसरू नका. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध घातले असेल तर ते वाचणाऱ्याला सहज सापडेल असे लिहा, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला चकलीच्या भाजणीत नाही पण चिवड्यात तो सापडतो. ताटात वाढलेल्या किंवा ऑर्डर आल्यावर डब्यात भरलेल्या जेवणाला हे पाकिटाचे लेबल लागत नाही.

नूतनीकरण: इथे पैसे जातात

वेळेत नूतनीकरण केले तर 14 अंकी क्रमांक तोच राहतो. नोंदणी पूर्ण बाद होऊन नवा अर्ज करावा लागला तर क्रमांक नवा मिळतो. मग आधी छापलेली लेबले, शिक्का, फलक, आणि डबे पोचवणाऱ्या ॲपवर भरलेली माहिती, सगळे पुन्हा. 2,000 लेबले छापून ठेवलेल्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मुदत संपायच्या 180 दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. शेवटचे 30 दिवस सुरू होण्याआधी तो केला तर फक्त फी. त्यानंतर मुदत संपेपर्यंत दर दिवसाला 100 रुपये विलंबशुल्क. आपल्या ताईंचे प्रमाणपत्र 31 ऑक्टोबर 2025 ला संपते असे धरू. 1 ऑक्टोबरपर्यंत अर्ज केला तर पाच वर्षांचे 500 रुपये. फराळाच्या गडबडीत राहून गेले आणि 12 ऑक्टोबरला केला तर 11 दिवसांचे 1,100 रुपये जास्तीचे, म्हणजे पाच वर्षांच्या फीच्या दुपटीहून जास्त.

मुदत संपून गेली तरी 180 दिवसांपर्यंत दार पूर्ण बंद होत नाही. पहिल्या 90 दिवसांत वार्षिक फीच्या तिप्पट दंड, नंतरच्या 90 दिवसांत पाचपट. वर्षाला 100 रुपये फी असेल तर 300 आणि 500. हे आकडे वाचून कुणी म्हणेल, मग शेवटच्या महिन्यात 100 रुपये रोज भरण्यापेक्षा मुदत संपू दिलेलीच स्वस्त. कागदावर तसे दिसते खरे, आणि ही नियमातली विसंगतीच आहे असे मला वाटते. पण मुदत संपल्याच्या दिवसापासून नूतनीकरण होईपर्यंत त्या जागेतला व्यवसाय थांबवावा लागतो. ताईंचे रोजचे 3,600 रुपये आहेत. दोन दिवस डबे बंद राहिले तरी दंडात वाचवलेले पैसे गेले, आणि महिन्याचे डबे लावलेली माणसे त्या दोन दिवसांत दुसरीकडे जातात.

लोक तारीख चुकवतात त्याचे मुख्य कारण आळस नाही. अर्ज भरताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल एजंटचा टाकलेला असतो. आठवणीचा संदेश पाच वर्षांनी त्याच्याकडे जातो, आणि तोपर्यंत त्याने क्रमांक बदललेला असतो किंवा तो त्याच आठवणीवर तुम्हाला फोन करून ‘तातडीचे काम’ म्हणून 3,000 रुपये मागतो. आजच प्रमाणपत्र आणि फोस्कोसवरचे खाते उघडून कुणाचा मोबाइल आहे ते पाहा. तुमचा नसेल तर बदलून घ्या. पासवर्ड एजंटकडे असेल तर तोही घ्या. 100 रुपयांच्या फीला कुणी काही हजार मागत असेल तर पावती मागा. सरकारी फीची पावती फोस्कोसवरूनच निघते आणि तिच्यावर भरलेली रक्कम लिहिलेली असते.

एजंट आणखी एक गोष्ट विकतात, ‘स्वच्छता रेटिंग’. ती एफएसएसएआयची वेगळी, ऐच्छिक योजना आहे. तिच्यात त्रयस्थ संस्था पाहणी करून श्रेणी देते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती लागत नाही.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत यंत्रासाठी कर्ज आणि 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्या योजनेत अर्ज करायचा विचार असेल तर नूतनीकरण आधी करा. बँक आणि जिल्हा पातळीवरचे लोक चालू नोंदणी पाहतात, आणि मुदत संपलेला क्रमांक लिहिलेला अर्ज परत येतो तेव्हा बहुधा नुसते ‘कागदपत्र अपूर्ण’ असेच कळवलेले असते.

नूतनीकरणाचा अर्ज करताना पाच वर्षांत काय बदलले तेही तपासा. घर बदलले असेल, अगदी उस्मान रोडच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला असाल, तर जुन्या पत्त्यावर नूतनीकरण करू नका, नव्या जागेसाठी नवा अर्ज करा. डब्यांसोबत फराळ सुरू केला असेल तर तो प्रकार जोडा. उलाढाल वरच्या हिशेबाप्रमाणे मांडून पाहा. हे सगळे होऊन नवे प्रमाणपत्र हातात आले की जुने उतरवा आणि नवे लावा. मुदत संपलेले प्रमाणपत्र शेजारी तसेच राहिले तर पाहणीला आलेला माणूस आधी तेच वाचतो.